जर्मनच्या डब्यातलं आभाराचं पत्र

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, हे मला नीटसं माहीत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि बापाची चूक बापाच्या तोंडून ऐकून कागदावर उतरवणं मला जरा आगाऊपणाचं वाटतं. पण आजीचं पत्र मलाच सापडलं आणि अण्णांना, म्हणजे वडलांना, ते मीच वाचून दाखवलं. त्यानंतर ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत ठेवलं आहे.

आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटात. भात आन नाचणी, दुसरं काय. माझी आई हौसा, तुझी आजी, लई कडक बाई. सुनंदा, तुझी आत्या, सात-आठ वर्षांची आसंल तवा तिला मुदतीचा ताप आला, तर आईनं तिला भोरच्या दवाखान्यात नेली. नसरापूरला गाडी बदलून, पोरगी खांद्यावर. अकरा दिवस वऱ्हांड्यात काढले. खायचं काय, तर घरनं बांधून नेलेल्या भाकरी, त्या दोन दिवसांत संपल्या. दवाखान्याच्या मागं एक बाई राहायची, रशिदाबाई, नवरा शिंपी. ना वळख ना पाळख, तिनं रोज डबा आणून दिला. शेवटच्या दिवशी म्हणाली, डब्यातलं वाटंत खावा, डबा सावकाश पाठवा. जर्मनचा डबा, म्हंजी ॲल्युमिनचा, दोन कप्प्यांचा, वर टिंबाटिंबानं नाव कोरलेलं.

आता काय सांगू तुला, आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं धाडत न्हाईत. आई म्हणाली, नवा तांदूळ निघू दे, तांदूळ भरून धाडू. तवर गावात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला, दुपारचा, देवळात. आई जायला लागली. पाटीवर सारखं गिरवायची, पुसायची, गिरवायची, आन तोंडानं पुटपुटायची, काय दिलं, त्यानं काय झालं, आता कसं हाय. म्या इचारलं, ह्ये काय मंत्र हाय का? तर म्हणाली, वर्गाच्या बाईंनी सांगितलंय, नुसतं आभारी आहे लिवू नका, ते लग्नपत्रिकेत छापतात. ह्या तीन गोष्टी लिवा, म्हंजी समोरच्याला आपला हात लागल्यागत वाटतं. म्या म्हणलं, आता तू कलेक्टरच व्हणार. ती म्हणाली, तू आधी चौथीची परीक्षा आठव. म्या हसलो आन इसरलो. मला वाटलं अभ्यास आसंल वर्गाचा. हितंच चुकलं बघ.

तांदूळ निघाला, आईनं डबा भरला आन मला म्हणाली, रशिदाबाईच्या हातात दे. उंबऱ्यावर ठेवू नको, शेजारी देऊ नको, हातात. म्या वीस-बावीस वर्षांचा घोडा. गेलो भोरला, तर घराला कुलूप. समोरचा चहावाला म्हणाला, लग्नाला वाईला गेलेत, आठ दिवस न्हाईत, ठेव माझ्याकडं. म्या ठेवला न्हाई, आई म्हणाली हातात दे. डबा घिऊन माघारी आलो. आता दुसऱ्या दिवशी नसरापूरला कबड्डीचा सामना, पुढच्या आठवड्यात आणखी एक. आईनं दारातच इचारलं, दिला का? म्या म्हणलं, दिला. एवढाच शब्द. डबा गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यात ठेवला, म्हणलं नंतर गुपचूप देऊन यिऊ.

आन आई काय इचारते, काय म्हणाल्या? म्या म्हणलं, काय न्हाई, बरं म्हणाल्या. आणखी काय न्हाई? न्हाई. वाचलं का त्यांनी? म्या म्हणलं, नाव कोरलंय त्यात काय वाचायचं. ती उठून चुलीकडं गेली. मला कळलंच न्हाई ती कशाबद्दल इचारती.

महिन्या-दोन महिन्यांनी डबा काढला तर वरच्या कप्प्यात पोरकिडे. कोंबड्यांना टाकला तांदूळ. खालचा कप्पा वरच्यात असा अडकून बसलेला की हलेना, म्या बी नाद सोडला. आता रिकामा डबा न्यायचा कसा, आन आईकडं तांदूळ मागायचा तर खोटं उघडं पडतंय. आसं करत एक साल गेलं. मग वाटलं, सालभरानं कुठल्या तोंडानं जायचं. मग दोन सालं. जेवढा उशीर तेवढं जड, लेका. शेवटाला म्या त्या माळ्याकडं बघायचंच सोडलं.

आई पोस्टमन दिसला की दारात यायची. आमच्याकडं कोण पत्र धाडणार? पण यायची. मग म्हणायला लागली, माझं अक्षर वाईट म्हणून हसल्या आसतील. वर्गाला जायचं सोडलं. परत पाटी धरली न्हाई. मरेपतुर अंगठाच लावायची. मला वाटायचं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

औंदा गोठा पाडला. भंगारवाला डबा घिऊन चालला होता, तू म्हणाला, अण्णा, ह्यात काहीतरी वाजतंय. पक्कडीनं वढला तवा निघाला खालचा कप्पा. तांदळाचं पीठ झालेलं, आन त्यात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. वाच परत एकदा, तूच वाच.

रशिदाबाईस हौसाचा नमस्कार. दवाखान्यात तापानं पडलेल्या पोरीची मी आई. पहिल्या दिवशी तुमी पेज दिली ती तिच्या पोटात राहिली. त्याआधी पाणी बी राहत नव्हतं. चवथ्या दिवशी मुगाचं कढण दिलं, त्या दिवशी ती उठून बसली. मला भाकरी दिली आन मी खाईपर्यंत तुमी तिथंच बसून राहिला. मी ती पोरीसाठी ठेवीन हे तुमाला कळलं होतं. आता पोरगी शाळेत जाते. पळते. तांदूळ आमच्या खाचरातला आहे. हे मी माझ्या हातानं लिहिलं आहे. पोचलं म्हणून एक शब्द कळवा.

एक शब्द कळवा. त्यासाठी उभी राहायची ती दारात. आन माझा एक शब्द, दिला.

मग आपण भोरला तीन खेपा घातल्या, तुला ठाऊकच हाय. घराच्या जागी मोबाईलचं दुकान. चहावाला न्हाई. कुणी म्हणालं लेकीकडं शिवऱ्याला गेल्या, तिथं गेलो तर त्या दुसऱ्याच रशिदाबाई, वर मलाच म्हणतात, डबा द्यायला एवढी वर्षं लागली व्हय, पायी आला का? शेवटी एका शिंप्याच्या दुकानात नंबर ठेवून आलो. पंधरा दिवस कुणाचा फोन न्हाई. चिडचिड झाली नुसती, घरात सगळ्यांवर खेकसलो.

काल आला फोन. त्यांची लेक बोलत होती. आई दोन वर्षांमागं गेली म्हणाली. म्या पत्राचं सांगितलं, सुनंदाचं सांगितलं. मग म्हणाली, काका, ती मुलगी जिवंत आहे? म्या म्हणलं, व्हय, किकवीला दिलीय, तिला दोन पोरं हायत. तर म्हणाली, आईला वाटायचं ती गेली. नवा तांदूळ निघाला की डबा धाडते म्हणाली होती तिची आई, आन डबा आलाच नाही, म्हणजे पोरगी वाचली नसणार. म्हणून आई कधी चौकशीला आली नाही. म्हणायची, त्या बाईकडं डबा मागायचा नाही, तिला सगळं आठवेल. दर ईदला खिरीची एक वाटी त्या मुलीच्या नावानं बाजूला काढायची आन गल्लीतल्या एखाद्या पोरीला द्यायची.

फोनचा आवाज मोठा केलेला होता. सुनंदा माहेराला आलेली, तिथंच बसून तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. हात काय थांबला न्हाई तिचा.