देवरावांचे दोन शब्द आणि चावीचं घड्याळ

…आणि वर मलाच म्हणतात, सेठजी, तुमच्या घड्याळानं सगळा घोळ केला! अहो, घड्याळ काय करणार? घड्याळ बिचारं डबीत होतं, डबी मखमलीत होती, मखमल पुठ्ठ्यात होती, आणि पुठ्ठा हेडक्लार्क भैय्याजींच्या कपाटात. घोळ केला माणसांनी. तुम्हाला सांगतो, सीताबर्डीवर मी घड्याळं विकायला बसलो तेव्हापासून निरोपाची किती घड्याळं दिली असतील, पण असा समारंभ पाहिला नाही. आणि मुळात होतं काय? माणसाला नुसते दोन शब्द बोलायचे होते हो. दोन शब्द!

माणूस म्हणजे देवराव. सिव्हिल लाइन्सच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारे बाबू. जन्मभर टपाल नोंदवलं, पाकिटं बंद केली, लाख वितळवून त्यावर शिक्के मारले. त्या लाखेनं एकदा उजवा अंगठा असा भाजला की पुन्हा वाकलाच नाही. बोटाच्या जागी पेन्सिल खोचलीय की काय, असा ताठ. वय झालं अठ्ठावन्न, साल होतं अठ्ठ्याहत्तर, महिनाअखेरीला निवृत्ती.

आता निवृत्तीच्या समारंभाची एक रीत असते, ती ऐका, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं हार घातला की झालं. शेवटच्या दिवशी चार वाजता टेबलं जोडतात, वर पांढरी चादर. सत्कारमूर्तीला बायकोसकट बोलावतात. वहिनींची ओटी भरतात. मग एकेक सहकारी उठून सांगतो की हा माणूस कसा देवमाणूस होता, आणि देवमाणूस मान खाली घालून चादरीच्या सुरकुत्या मोजतो. मग साहेब शाल-श्रीफळ देतात, स्वतःच्या हातानं घड्याळ बांधतात, टाळ्या. आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘आता देवरावजी दोन शब्द बोलतील.’ त्याच्यानंतर चिवडा. म्हणजे बघा, सगळ्यांचं लक्ष चिवड्याच्या परातीकडे आणि परातीच्या वाटेत हा माणूस उभा! त्यानं आभार मानायचे ते पायरीनं. आधी साहेब, मग हेडक्लार्क, मग जो जितका जुना तितका आधी, शेवटी चपरासी. एक नाव गळलं तर तो माणूस जन्मभर तुमच्या हातचा चहा पिणार नाही. एकाच्या भाषणात स्टेनोचं नाव गळलं होतं, त्या बाईंनी त्याच्या पेन्शनच्या कागदाला असा काही विलंब… जाऊ द्या.

तर देवरावांचं दुखणं नेमकं इथंच होतं. पायरीनं हेडक्लार्कनंतर नाव येत होतं गिरिधरभाऊंचं. आणि देवराव-गिरिधर, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे, वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते!

काहून? तर गिरिधरभाऊंच्या साळीचं, म्हणजे मेहुणीचं, लग्न होतं नरखेडला. त्यांनी रजेचा अर्ज दिला. सहीखाली तारीख घालायला विसरले. देवरावांनी काय करावं? समोर हात लांबवला असता तर पेन गिरिधरच्या हातात पोचलं असतं. ‘तारीख टाका गा,’ म्हटलं असतं तर संपलं असतं. पण नाही. बाबू तो बाबू. अर्जावर शेरा मारला, ‘त्रुटी: दिनांक नाही, परत’, आणि अर्ज कचेरीचे चपरासी नत्थूजी यांच्या हाती टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला परत पाठवला. तो पुन्हा रीतसर वर जाऊन खाली येईस्तोवर एस.टी. सुटली, गिरिधरभाऊ पोचले तेव्हा मांडवात पत्रावळी उचलून राहिले होते. सासऱ्यानं विचारलं, ‘जावईबापू, बारशाला आले का?’

झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. ‘नत्थूजी, त्याइले सांगा टाचणी द्या.’ ‘नत्थूजी, त्याइले सांगा टाचणी संपली.’ दोघांच्या मधोमध नत्थूजी उभे, आणि टाचणीची डबी नत्थूजींच्या पोटासमोर!

देवरावांच्या मनात नव्हतं असं नाही हो. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. चूक आपली, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं; पण दुसऱ्या दिवशी नाही बोललं की तिसऱ्या दिवशी जड जातं, आणि मग जडपणाचीच सवय लागते. आता हा शेवटचा दिवस. उद्यापासून टेबल नाही, टाचणी नाही, नत्थूजी नाही. नाव घ्यावं तर जीभ रेटत नाही, गाळावं तर भरसभेत अपमान. घरून निघताना बायकोनं, म्हणजे कौसल्यावहिनींनी, पदराला गाठ मारत सांगितलं होतं, ‘गिरिधरभाऊचं नाव घेतल्याबिगर घरी येऊ नोका.’ बघा, दोनच शब्द बोलायचे होते माणसाला!

आता माझ्याकडे काय झालं ते सांगतो. घड्याळ पसंत करायला कचेरीतून एकटाच माणूस आला. मी मांडली पेटी. निरोपाचं घड्याळ म्हणजे लोक कसे घेतात? चकाकतं ते उचलतात. हा गृहस्थ तसा नाही. आकडे बारीक, नको. सोनेरी आकडे सोनेरी तबकडीवर, उन्हात दिसणार नाहीत, नको. मग यानं काय करावं? आपला उजवा अंगठा ताठ केला आणि त्या ताठ अंगठ्यानं एकेका घड्याळाची चावी फिरवायला लागला. फिरली नाही, की खाली ठेव. दुसरं. फिरली नाही, खाली ठेव. मला वाटलं, बिचाऱ्याचा अंगठा अधू आहे. म्हटलं, भाऊ, आपोआप चावी भरणारं घ्या, हात हलला की झालं. तर म्हणतो, ‘तो हात हलत नाही सेठजी. दिवसभर टेबलावर ठेवूनच असते.’

शेवटी एक सापडलं. मोठे काळे आकडे, पांढरी तबकडी, चावीचं डोकं जाड आणि कंगोऱ्याचं, बोटाला धरायला सोपं. मग पट्टा. म्हणे, शेवटच्या भोकाच्या आत अजून एक भोक पाडा. मी म्हटलं, माप? त्यानं आपल्या दोन बोटांचं कडं केलं आणि माझ्यापुढे धरलं. ‘एवढं. तुरीची काडी आहे.’ पाडलं भोक. मागच्या झाकणावर कारागिराकडून नाव कोरून घेतलं. जाताना गृहस्थानं मला शपथ घातली की कोणी पसंत केलं हे सांगायचं नाही. आणि डबी उचलली ती सरळ केलेल्या अंगठ्यानं नाही, चांगल्या वाकणाऱ्या अंगठ्यानं! मी बघतच राहिलो.

समारंभाला मलाही बोलावलं होतं, कारण मागल्या एका निरोपात साहेबांनी पट्टा उलटा ओढला, त्याची पिन उडाली आणि अर्धी कचेरी टेबलाखाली रांगत होती. तर डबी उघडायच्या आधी मी घड्याळ रेडिओच्या ठोक्याला लावलं आणि चावी थोडीशीच दिली, चालू दिसण्यापुरती. पूर्ण चावी मालकानं स्वतः द्यायची असते, हे माझं दुकानदारीचं मत. सकाळी, रोज एकाच वेळी, अडेस्तोवर. अडलं की थांबायचं.

साहेबांनी बांधलं. पट्टा त्या नव्या भोकातच बसला. ना ढिला, ना घट्ट. टाळ्या. ‘आता देवरावजी दोन शब्द बोलतील.’

उठले हो. घसा खाकरला. आणि जन्मभर जावक लिहिलेला माणूस, तोंडातून पत्रच निघालं! ‘उपरोक्त प्रसंगास अनुसरून… सन्माननीय साहेबांचे आभार मानण्यात येत आहेत.’ साहेबांनी मान हलवली, म्हणजे जणू सही केली. ‘तसेच हेडक्लार्क भैय्याजी यांनी वेळोवेळी केलेल्या मार्गदर्शनाबद्दल त्यांचेही आभार मानण्यात येत आहेत.’ भैय्याजी हसले. ‘तसेच…’

आणि थांबले.

तसेच काय? सगळे जाणून होते. कौसल्यावहिनींनी नारळ मांडीवर घट्ट धरला. गिरिधरभाऊ खिडकीतून कुठंतरी कोराडीच्या वीजकेंद्राच्या दिशेला बघत होते, जणू तिथला धूर आजच पहिल्यांदा निघतोय. ‘तसेच…’ पुन्हा देवराव. घाबरलेल्या माणसाचा हात काहीतरी चाळा शोधतो. त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला आणि चावी फिरवायला लागला.

फिरली. सहज फिरली, त्या ताठ अंगठ्याखाली. देवरावांनी खाली बघितलं. आयुष्यात कुठली बाटली, कुठला नळ त्या अंगठ्यानं धड फिरला नव्हता. म्हणून ते फिरवतच राहिले. एक तर चकित, दुसरं भाषण आठवेना. मोठमोठे आकडे बघतात, पट्ट्याचं भोक बघतात आणि करकर, करकर, चावी देऊन राहिले. मी मागं बसून कान टवकारले. चावी अडत आली होती, आवाज बदलला होता, मी उठणार, तेवढ्यात—

‘बस करा देवराव. अडली आता. स्प्रिंग तुटंल गा.’

गिरिधरभाऊ बोलले होते. सरळ. टेबलावरून.

आणि नत्थूजी, सवयीचा गुलाम, पुढे सरसावले, ‘देवरावजी, गिरिधरभाऊ म्हणतात का बस करा, स्प्रिंग—’

‘ऐकलं मी, नत्थूजी,’ देवराव म्हणाले. ‘बसा तुम्ही.’

मग ते गिरिधरभाऊंकडे वळले. पत्राची भाषा गळून पडली. ‘हे मनगटाचं माप तुमी देलं.’

‘रोज समोरच असते ते,’ गिरिधरभाऊ म्हणाले.

‘तारीख मी सांगाले पाहिजे होती. हात लांब केला असता तं पोचत होता.’

गिरिधरभाऊ उठले, टेबलाला वळसा घातला, आणि परातीतला पहिला चिवडा वाटीत घालून देवरावांपुढे धरला. साहेबांच्या आधी! भैय्याजींचा जीव कासावीस झाला, पण साहेब डोळे पुसत होते. उरलेल्या कोणाचेच आभार झाले नाहीत, स्टेनोबाईंचेसुद्धा, आणि कोणाला रागही आला नाही. दोन शब्द म्हणता म्हणता झालं की नाही भाषण?

तुम्ही म्हणाल, सेठजी, मग तक्रार कसली? अहो, तक्रार आता सुरू होते. पुढच्या वर्षी गिरिधरभाऊ निवृत्त होणार. त्यांचं घड्याळ पसंत करण्याचा मान कचेरीनं देवरावांना आत्ताच देऊन टाकला. देवराव रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी हजर. सुटीच्या दिवशी सोबत गिरिधरभाऊही असतात. त्यांना काही माहीत नसावं म्हणून ते बाकड्यावर पाठमोरे बसतात आणि पाठमोरेच सल्ले देतात. दोघं मिळून इतकं बोलतात की गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. सगळी पेटी तीनदा उपसून झाली. मी म्हटलं, देवरावजी, एकतरी पसंत पडलं का? तर म्हणतात, ‘घाई काहून करून राहिले सेठजी? वर्ष आहे अजून.’

काय करणार? मी म्हटलं, बसा.