सासूबाईंचं घड्याळ

मुलीचं लग्न जमवण्यात माझा एकच पराक्रम, गप्प बसणं. तोही नाइलाजाने.

आमच्या मृणालला तलासरीचा एक मास्तर आवडला. स्वभाव, घरची माणसं, सगळं पटलेलं. फक्त सासूबाई अडून बसल्या, "पत्रिका जुळल्याशिवाय मी अक्षता टाकणार नाही."

डहाणूच्या गुरुजींनी पत्रिका पाहिल्या. "छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण आहेत. पण दोघांचं नक्षत्र पुष्य, म्हणजे एकनाडी. चरण वेगळे असतील तर दोष धरत नाहीत. मुलाचा पहिला चरण. मुलगी पावणेसातला जन्मली असेल तर दुसरा, साडेसहाला असेल तर तिचाही पहिलाच. वेळ नक्की ना?"

"मी काय सांगू?" मी म्हटलं. "मी तेव्हा बोंबलत होते. घड्याळ आईंच्या हातात होतं."

आता, एसटी चुकू नये म्हणून सासूबाई हातातलं घड्याळ कायम वीस मिनिटं पुढे ठेवतात, हे अख्ख्या घराला माहीत. मृणालने माझा हात घट्ट धरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "पावणेसातच. मी स्वतः घड्याळात बघितलं."

परतताना रिक्षात मी हळूच म्हटलं, "आई, तुमचं घड्याळ तर..."

"गप बस गं. पोरगा चांगला आहे."