पुनरवलोकन

नाही, प्रफुल्लराव, तिची टिप्पणी मी काढणार नाही — बसा, खुर्ची आहे ना, उभ्याने काय बोलता? वरच्या मजल्यावरून एवढे माझी बाजू घ्यायला उतरलात, चहा होईपर्यंत बसा. आधी सांगा, माझा तो लेख आपण वाचलात? पूर्ण? गंगापूर रोडवरचा तो फलक, 'रस्त्याची दुरावस्था' — हो, फोटो दिसला, अंगठा दिलात, ते मलाही दिसले. त्याखाली मी काय लिहिले होते? असो. दुर् अधिक अवस्था, म्हणून दुरवस्था; मध्ये 'आ' येण्याचे कारणच नाही, आणि ज्यांना एवढा संधी सोडवता येत नाही त्यांनी फलक रंगवू नयेत — असे लिहिले होते. जरा चढ्या आवाजातच. आणि शेवटच्या ओळीत, समारोप म्हणून — 'प्रत्येकाने आपल्या लेखनाचे पुनरावलोकन करावे'. हसू आले नाही ना? मलाही आले नव्हते. ते सृष्टी नावाच्या मुलीला आले असावे, पण तिने दाखवले नाही. तिने एवढेच लिहिले — 'काका, मला वाटते, त्याच नियमाने पुनर् अधिक अवलोकन, म्हणजे पुनरवलोकन होईल ना?'

होईल. झालेच. मी लगेच मान्य केले असे समजू नका हां — मी 'पुनरावृत्ती' शोधून काढली, म्हटले हिला गप्प करतो. पण तिथे मूळ शब्दच 'आवृत्ती', तिचा 'आ' तिच्या घरचा. 'पुनरागमन' घेतले, तर तिथे 'आगमन'. कोशही तिचाच निघाला. मग उत्तर लिहायला बसलो. पहिले उत्तर — 'आपल्या जिज्ञासेचे कौतुक वाटते, तथापि'. या 'तथापि'ला मी फार जपतो, पण त्याच्या पुढे लिहायला काही सापडेना. दुसरे — 'टंकनदोषामुळे'. ते स्वयंपाकघरात आमच्या लताबाईंना वाचून दाखवले. त्यांनी पोह्यांवरून मान वर न करता विचारले, "मोबाइल चुकला की तुम्ही?" आता या बाईंना व्याकरणातले काही कळत नाही, प्रफुल्लराव, पण तेही खोडावे लागले.

शेवटी हे राहिले, ऐका. 'सृष्टीताई, आपले बरोबर आहे. शब्द पुनरवलोकन असाच हवा, चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.' बस. मध्ये 'पण' नाही, वयाचा उल्लेख नाही, 'कळत-नकळत' नाही. आणि दुरुस्ती गुपचूप नाही केली — नुसता 'आ' पुसला असता तर ती बिचारी नसलेल्या चुकीवर बोट ठेवणारी वेडी ठरली असती, नाही का? म्हणून लेखाच्या माथ्यावर टीप दिली, आधी काय होते, आता काय आहे, कोणी दाखवले. ज्या गटांत लेख मीच पाठवला होता तिथे टीपही पाठवली. तिची टिप्पणी सर्वांत वर टाचून ठेवली — हो, टाचता येते. आपणच तर शिकवलेत, माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी.

खिन्न? छे. हे पाहा, मी शाळेत बसलोच किती? लग्नपत्रिकांच्या छापखान्यात खिळे जुळवता जुळवता अक्षरे शिकलो. तिथे चूक काढणारा अंगावर येत असे. 'काका, मला वाटते' असे म्हणून आजवर कोणी — चष्मा खराब झालाय, थांबा. सांगायचे ते हे, की माझी चूक शेवटच्या ओळीत होती. ती काढायची तर शेवटच्या ओळीपर्यंत यावे लागते. तुम्ही सगळे फोटोवर अंगठा ठेवून पुढे गेलात.

आता आपला विषय. 'कालची पोरं जेष्ठांना शिकवायला निघाली' — हे आपलेच ना? 'ज्येष्ठ'मधला 'य' कुठे गेला, ते आज विचारत नाही. पण माझा कैवार घेऊन आपण तिला बोललात, आणि तिने खाली काय लिहिले? 'काकांच्या बाजूने कोणीतरी उभे राहते, हे पाहून बरे वाटले.' सकाळपासून ती ओळ मी — बऱ्याचदा वाचली. तेव्हा तिच्या त्या ओळीखाली आपणही दोन शब्द लिहा. 'माझे चुकले.' आत्ता, इथेच. लिहा, मी बघत नाही.

झाले? एवढ्या लवकर? बघू —

काढून टाकलीत? अहो, पुसायला कोणी सांगितले होते? इतका वेळ मी काय — आणि आपल्या टिप्पणीबरोबर तिचे उत्तरही गेले, प्रफुल्लराव. ती ओळ गेली.

नाही, परत येत नाही.

चहा राहू द्या. वर जा, आणि नवीन टिप्पणी लिहा — तिचे नाव घेऊन, 'माझे चुकले'. 'चुकले'चा 'चु' ऱ्हस्व आहे. जाताना दार ओढून घ्या.