दहावीच्या पोरांसाठीचं नवं भाषण

नाही नाही, उठू नकोस अवंती, बस — दाखल्याची दुसरी प्रत मी सही करून देतो, पण क्लार्क बँकेत गेलाय, त्याला अर्धा तास तरी लागेल. तोवर हे एवढं ऐक. उद्या दहावीचा निरोप समारंभ, त्याचं भाषण आहे. तुला का ऐकवतोय? अगं, ऐकवायचं तर कुणाला? तूच तर गेल्या वर्षी पहिल्या रांगेत बसलेली होतीस.

गेल्या वर्षीचं आठवतं ना? आठवणारच. "आयुष्याची दिशा ठरवणारी परीक्षा! अवघे तेवीस दिवस! आईबापांच्या घामाची किंमत ठेवा!" — आणि मग तुला उभं केलं मी. "ही अवंती दुधमल, गणितात शाळेची लाज हिच्या हातात आहे." टाळ्या पडल्या. मला वाटलं, पोरगी फुलून जाईल. फुलून कसली जातेय — तुझे कान लाल झाले होते, मला व्यासपीठावरून दिसत होते. मी तरी बोलतच राहिलो. पंचवीस मिनिटं!

यंदाही तेच करणार होतो, पण आपल्या शाळेतल्या तबस्सुम मॅडमनी ते भाषण वाचलं आणि म्हणाल्या, "सर, यात धमक्या किती आहेत ते मोजा." अकरा निघाल्या. मग मी दुसरं लिहिलं, एकदम गोड — टेन्शन घेऊ नका, पेपर सोपाच असतो, सगळे पास होणार. तेही त्यांनी परत केलं. का? तर म्हणे, पेपर अवघड निघाला की पोराला वाटतं, सोपा पेपर मलाच जमेना, म्हणजे मीच मठ्ठ. आणि घाबरू नका म्हटलं की घाबरलेलं पोर आपली भीतीच लपवतं. जे खरं नाही ते बोलायचं नाही. खरंच आहे की ते.

म्हणून आता हे तिसरं. सहाच मिनिटांचं. ऐक — "छातीत धडधडलं, हात गार पडले, तर पाठ केलेलं पुसलं गेलं असं समजू नका. पेन खाली ठेवा. श्वास सावकाश सोडा, चार-पाच वेळा. मग येणारा एखादा लहानसा प्रश्न आधी सोडवा, हात चालू झाला की पुढचं आठवायला लागतं. अडलं तिथं जागा सोडून पुढं जा. शेवटी दहा मिनिटं जास्तीची मिळतात. बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत बसू नका, घरी जाऊन जेवा. एखादा विषय राहिलाच, तर जुलैत परत परीक्षा असते. आणि फाटकापाशी मी आणि तबस्सुम मॅडम असू — काहीही वाटलं तरी येऊन सांगा, कुणी रागावणार नाही." — बरंय ना? पुढं असं आहे — "गेल्या वर्षी आपल्याच शाळेतली एक हुशार मुलगी —"

काय झालं? — हं. खरंय. नाव नाही घेतलं, पण सगळ्यांना कळणारच. परत तुलाच उभं केलं मी. थांब, काट मारतो. हे बघ, गेलं ते.

आणि ते फाटकाचं वाक्य... त्याच्याकडं बघतेयस तू. मीही रोज बघतो. तू आली होतीस की फाटकापाशी. गणिताच्या सकाळी, साडेदहाला. "सर, मला काहीच आठवत नाहीये" म्हणालीस, आणि मी — मी काय म्हणालो? "आता नाटकं नकोत, शाळेचं नाव घालवशील." पाणीसुद्धा विचारलं नाही. तू आत गेलीस आणि दोन तास कोरा पेपर घेऊन बसलीस. जुलैत त्याच गणितात ब्याऐंशी आणलेस, म्हणजे येत होतं सगळं.

हे तू घरी सांगितलं असणारच — कारण निकालानंतर तुझे बाबा आले होते माझ्याकडं, याच खुर्चीवर बसले होते. "सर, पोरगी म्हणते तुम्हाला सांगितलं होतं, खरं का?" असं विचारलं, आणि मी — नाही म्हणालो. म्हणालो, "माझ्याकडं कुणी आलं नाही. अभ्यास कमी पडला असेल, आता खोटं बोलतेय." — तुला हे माहीत नव्हतं? मला वाटलं... अगं, मला वाटलं, ते बोलले असतील तुला. काय म्हणालीस — म्हणून ते तुझ्याशी बोलत नाहीत? केव्हापासून? जूनपासून?

माझी चूक झाली, बेटा. मुख्याध्यापक आहे मी, आणि शाळेच्या नावासाठी एका लेकराला खोटं पाडलं. भाषण काय, शंभरदा बदलीन. पण तुझ्या बाबांच्या मनातलं माझं ते वाक्य कोण बदलणार? येतो मी घरी. या रविवारी — नाही, रविवारी नाही, परीक्षा संपल्या की निवांत —

मोबाइल कशाला काढलास? कुणाला लावतेयस? अवंती, जरा थांब, मला दोन मिनिटं तरी — वाजतोय? दे. दे इकडं.

हॅलो... दुधमल साहेब? मी... मी शाळेतून डोणगावकर बोलतोय. नाही, ती बरी आहे, माझ्यासमोरच बसलीय. साहेब, गेल्या जूनमध्ये तुम्ही मला एक विचारलं होतं —