पाच गल्ल्यांचं एक गाणं

काका : ओरडू नकोस. पाच गाण्यांचं एक केलं, एवढंच. वाचणारा सुटला.

पुतणी : काका, विणकरांच्या पाच गल्ल्या वर्षभर पालथ्या घातल्या मी. संत एकच, गाणं एकच, पण दर गल्लीत निराळं म्हणतात. तेच तर मला दाखवायचं होतं! तुम्हाला फक्त टाईप करायला दिलं होतं.

काका : पस्तीस वर्षं भाषा शिकवली आहे मी. दर ओळीनंतर तेच धृपद? काढून टाकलं.

पुतणी : त्या धृपदावर तर माणसं जमायची! एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धृपद उचलायचं. अक्षरओळख नसली तरी दुसऱ्या दिवशी मागावर बसल्या बसल्या पाठ. धर्माचे ग्रंथ पंडितांच्या भाषेत. विणकरणीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हा संत तिच्याच बोलीत म्हणाला, ‘देवा, तुटला धागा, ये सांधायला.’

काका : देवाला कामाला जुंपलंय! मी ‘कृपा कर, दयाघना’ केलं.

पुतणी : अरे देवा! आणि विहिरीचं कडवं?

काका : ‘राजाच्या विहिरीवर आम्ही लांब उभे’? भक्तिगीतात ही रडगाणी कशाला?

पुतणी : राजाचा शिलालेख म्हणतो, विहीर सगळ्यांसाठी खोदली. लांब कोणाला उभं केलं, हे फक्त या गाण्यात आहे. दरबारी लेखकाला विणकरांशी काय देणंघेणं? म्हणून इतिहासकार या गाण्यांवर जीव टाकतात.

काका : पण सातशे वर्षांत लोकांनी त्यात काय वाट्टेल ते घुसडलं असेल. त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

पुतणी : म्हणूनच पाच हवी होती ना! विहिरीचं कडवं पाचही गल्ल्यांत आहे, म्हणजे ते बहुधा जुनं. गिरणीच्या सुताचं कडवं एकाच गल्लीत, ते नंतर कोणीतरी संताच्या नावावर घातलं. तेही कामाचं; गिरणी आल्यावर विणकरांना काय वाटलं ते कळतं. तुम्ही दोन्ही उडवलीत. माझ्या वह्या द्या, मी पुन्हा करते.

काका : वह्या… टाईप झाल्यावर रद्दीत दिल्या.

(पुतणी खाली बसते, डोळे पुसते.)

काका : मला वाटलं, तुझं काम हलकं होईल. तुझं नाव घालून शंभर पुस्तिकाही छापून घेतल्या. गल्ल्यांमध्ये फुकट वाटल्या गं, कौतुकानं.

पुतणी : माहीत आहे.

काका : मग रडतेस कशाला? गाणाऱ्या बायका आहेत ना अजून? त्यांच्याकडून परत लिहून घे. मीही येतो बरोबर, तोंडातून शब्द काढणार नाही.

पुतणी : काल जाऊन आले. नाती वाचून दाखवतात, आज्या पाठ करतात. पाचही गल्ल्यांत आता एकच गाणं आहे, तुमचं.

काका : आणि विहिरीचं कडवं? ते विचारलंस?

पुतणी : सगळ्यात म्हाताऱ्या आजींना विचारलं. म्हणाल्या, ‘छापलेलं नाही ना बाई, मग आमचंच चुकत असणार.’