परटिणीच्या तोंडचं वाक्य

नाही हो बुवा, ते घरात नाहीत — म्हणजे नाहीतच. गेल्या महिन्यात गेले. एवढ्या लांबून आलात, पण उशीर केलात. बसा जरा, पाणी घ्या. त्या गाठोड्यावर नको, ते धुतलेलं आहे — ती टोपली पालथी घाला, तिच्यावर बसा. मी मात्र हात थांबवणार नाही हं. भट्टीतून काढलेले कपडे गरम आहेत तोवर आपटावे लागतात, गार झाले की मळ पुन्हा धरून बसतो.

त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं? ते वाक्य? आता त्यात ऐकण्यासारखं काय राहिलंय — पोराठोरांना पाठ आहे. ‘परक्याच्या घरी राहून आलेल्या बायकोला नांदवायला मी काय राजा आहे?’ तुम्हीही गाता ना चौकात? राणीला पळवून समुद्रापलीकडं नेली ते गाता, राजानं लढाई मारून तिला सोडवली ते गाता, सगळ्यांच्या देखत ती आगीत उतरली आणि तिच्या केसालाही धक्का लागला नाही ते गाता — आणि मग येतो परीट. बरोबर? तिथं तुम्ही आवाज जाड करता. लोक चिडतात, कुणी थुंकतं. मी पाहिलंय. एकदा गर्दीत मागं उभी होते, डोक्यावर बोचकं घेऊन. माझ्या शेजारच्या बाईनं बोटं मोडली. मीही मोडली. काय करणार? न मोडून चाललं असतं का?

पण ते तसे नव्हते हो. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर तुम्हाला हसू आलं असतं — काडीसारखा माणूस. रेशमी वस्त्र पिळतानासुद्धा जपायचे, जणू त्याला दुखेल. रागीट होते, खोटं कशाला बोलू? राग यायचा तो दुधासारखा वर यायचा आणि फुंकर मारली की खाली बसायचा. त्या दिवशी मी फुंकर मारली नाही, एवढंच.

काय झालं होतं? काही नाही, नदी आडवी आली होती. माझी आई पलीकडच्या काठाला राहायची, तिला ताप होता. सकाळी नावेनं गेले, दुपारी परत येईन म्हटलं. दुपारी पाणी एवढं चढलं की नावाड्यानं नाव बांधून टाकली. मग राहिले आईकडं. एक रात्र — बुवा, एक! दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या नावेनं आले, तर हे दारात उभे. डोळे लाल. काळजीनं झोपले नव्हते, पण पुरुषाची काळजी बाहेर पडते ती शिव्यांच्या रूपानं. कुठं होतीस, कुणाकडं होतीस, खरं सांग. आजूबाजूच्या बायका दारं उघडून बघायला लागल्या. मलाही अपमान वाटला हो. आईची उशी बदलून, डोकं चेपून आले होते मी — आणि हे? आत चला, आत बोलू, असं म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण मी तिथंच उंबऱ्यापाशी उभी राहिले, कमरेवर हात ठेवून.

कोपऱ्यावर एक माणूस चपलेचा तुटलेला अंगठा बांधत बसला होता. मी त्याला पाहिलं होतं. वाटलं, वाटसरू असेल. तो राजाचा माणूस होता — लोक काय बोलतात ते ऐकून रोज आत जाऊन सांगायचं, हेच त्याचं काम. हे आम्हाला कळलं ते फार नंतर.

आणि मग ते म्हणाले ते वाक्य. झालं. संपली गोष्ट.

काय बघता? — नाही, असंच कसं म्हणतील? तुम्हीच विचार करा ना. एक साधा परीट, सकाळी सकाळी, बायकोशी भांडताना, त्याच्या तोंडात राजा येईल कुठून? त्याला राजाचं काय? इतकी वर्षं गाताय, कधी वाटलं नाही तुम्हाला, की हे वाक्य म्हणजे कशाचं तरी उत्तर आहे?

मी बोलले आधी.

मी म्हटलं, ‘राणी कितीतरी महिने परक्याच्या घरात राहून आली, तिला राजानं सिंहासनावर शेजारी बसवली. मी एक रात्र माझ्या आईकडं राहिले तर तुम्ही मला दारात उभं करता?’ — मोठ्यानं म्हटलं. सगळ्या दारांना ऐकू जाईल असं. मला वाटलं, कसं बिनतोड बोलले! तिची ढाल केली मी. आणि ते चिडून म्हणाले, मी काय राजा आहे? एवढंच. जीभ माझी, आणि नाव झालं त्यांचं.

थांबा, अजून आहे. आता निघालंच आहे तर ऐका. राजवाड्याचं धुणं आमच्याकडंच यायचं. राणीचं बोचकं वेगळं, त्यावर बिब्ब्यानं घातलेली बारीक खूण — ती मीच धुवायचे. बायकांचं शरीर दासींच्या आधी परटिणीला कळतं, बुवा. चार महिने झाले होते, महिन्याचे कपडे आले नव्हते. चोळ्या उसवून सैल केलेल्या, शिवणीजवळ जुन्या टाक्यांची भोकं दिसायची. मला माहीत होतं तिला दिवस गेलेत. मला — माहीत — होतं. आणि तरी मी तिचं नाव रस्त्यावर काढलं.

त्याच दिवशी दुपारी आमचं भांडण मिटलं. ते स्वतः नदीवर आले, माझ्या हातातलं ओझं घेतलं, म्हणाले, ‘आईचा ताप उतरला का?’ बस्स. माझा संसार पुढं बेचाळीस वर्षं चालला.

चार दिवसांनी घाटावरून रथ गेला. राणी आत बसलेली, मांडीवर नव्या वस्त्रांची थप्पी — अरण्यातल्या ऋषिपत्नींना द्यायला निघाली होती. तिला तेच सांगितलं होतं ना, की तुझी हौस पुरवतो, आश्रम दाखवून आणतो. ती हसत होती हो! आणि शेजारी धाकटा दीर, मान खाली. संध्याकाळी नव्हे, दुसऱ्या दिवशी रथ परत आला, रिकामा. मी कपडे वाळत घालत होते. पुढच्या खेपेला राजवाड्यातून बोचकी आली, त्यात तिचं नव्हतं. मी तीनदा मोजली. यांनी विचारलं, काय शोधतेस? मी सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले.

मग बातमी फुटली, परटाच्या बोलण्यावरून राणीला सोडली. लोकांनी दारावर चिखल मारला, गिऱ्हाईक तुटलं. मी म्हटलं, मी जाते, सांगते खरं काय ते. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, ‘मला चिखल मारतायत, तुला दगड मारतील. गप्प राहा.’ मी गप्प राहिले. बेचाळीस वर्षं, बुवा! जुळी मुलं झाल्याचं कळलं, त्यांनी बापासमोर तिची कहाणी गायली म्हणे, मग राजानं तिला पुन्हा बोलावलं, पुन्हा शपथ घे म्हणाला — आणि तिनं धरणीला हाक मारली, आणि धरणीनं तिला पोटात घेतलं. ते ऐकलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला बोल लावतील असं वाटलं. लावला नाही. मरतानाही नाही. मी वाट बघत होते, लावावा म्हणून.

रडत नाहीये, वाफ आहे ती.

आता तुम्ही काय करणार? पुढच्या गावी गाणार ना? मग त्यांच्या वाक्याच्या आधी माझं घाला. आहे तसं, कमरेवर हात ठेवून. लोकांना नाही आवडणार, माहीत आहे मला. राणीच्या गोष्टीत त्यांना एक वाईट माणूस हवा असतो, आणि तो राजा नसला म्हणजे बरं असतं. तरी घाला. नाव? नाव कशाला हवंय — परटीण म्हणा. पण जाड आवाजात म्हणू नका. मी घाबरले होते हो, तुम्ही घाबरलेल्या आवाजात म्हणा.

उठा आता. ऊन कलायच्या आत हे सगळं दोरीवर जायला हवं, आणि दुसऱ्या टोकाला धरून पिळायला कुणी नाही.