बारवेची गळती

चहा आधी संपवा, हे सांगताना माझा आवाज चढतो. चाकणजवळच्या आमच्या गावची बारव एका कंपनीने सजवायला घेतली. बारवेला तळापर्यंत पायऱ्या, त्यामुळे पाणी कितीही खाली गेलं तरी घागर बुडतेच. मध्ये कोरीव खांबांची ओवरी, तिच्याखाली कोनाड्यात जलदेवी. दगड चुन्याशिवाय रचलेले, फटींतून झरे आत येतात. भर चैत्रातही देवीखालची पायरी कधी कोरडी पडली नाही.

उद्घाटनाला गेले, तर तळ कोरडा ठणठणीत आणि बारव भरायला काठावर टँकर उभा. कामासाठी उपसलेलं पाणी परत भरलंच नव्हतं.

इंजिनिअर म्हणाला, "आजी, भिंती सगळीकडून गळत होत्या. फटी सिमेंटने भरल्या. आता थेंब येत नाही."

"बाबा, बारवेची भिंत म्हंजी तुझं बाथरूम न्हाई. ती गळती हेच आमचं पाणी. आता ते मागं तुंबून दगड ढकलंल."

"मी शिकलेलो आहे, आजी."

"मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. पण हितं पन्नास वर्षं घागर बुडवलीय."

सुनेला पहार आणायला लावली, पायऱ्या उतरले आणि देवीखालची एक फट उकरून काढली. पाणी सरळ माझ्या लुगड्यावर आलं.

वरून इंजिनिअर म्हणाला, "आजी, परत गळायला लागलं."

"लागलं न्हवं?" मी म्हटलं, "मग टँकर माघारी धाड आन् आता नारळ फोड."